जुन्या घराला नवी खोली जोडताना: डॉवेल बार, केमिकल अँकर आणि मधली फट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सगळी उत्तरं एकाच घराला धरून दिली आहेत, म्हणजे आकडे हवेत राहत नाहीत. घर असं समजा: काळ्या मातीच्या पट्ट्यातलं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं, फक्त तळमजला. नऊ इंची विटांच्या भारवाही भिंती, वर आरसीसी स्लॅब, जोत्याच्या पातळीवर १५० मिमी जाडीचा आरसीसी पट्टा. चार फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि जुना पाया पाच फुटांवर मुरमात टेकलेला. मागच्या बाजूला १२ बाय १५ फुटांची खोली वाढवायची आहे. तिची १२ फुटी बाजू जुन्या भिंतीला लागते. तुमचं घर वेगळं असेल तर आकडे बदलतील. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागेवर आणा, फोटो पाठवून भागत नाही.

मिस्त्री म्हणतो, जुन्या भिंतीत दाते पाडून नवी भिंत अडकवतो, एकजीव होईल. त्यात चूक काय?

चूक अशी की दोन्ही भिंतींचं वय वेगळं आहे. जुन्या घराखालची जमीन इतकी वर्षं भार घेऊन दबून बसली आहे. नव्या खोलीखालची जमीन आज पहिल्यांदा भार घेणार, म्हणजे ती थोडी खचणारच. हा काही कामातला दोष नव्हे. वेगळ्या फुटिंगवरच्या आरसीसी इमारतीला आयएस १९०४ हे मानक वाळूत व कडक मातीत ५० मिमीपर्यंत एकूण खचणं मान्य करतं. मुरमावर नीट केलेला पाया त्याच्या जवळपासही जात नाही, पण दोन-चार मिलिमीटर जातो. दात्यांनी घट्ट बांधलेल्या विटांना तेवढे दोन-चार मिलिमीटरही पुरतात. मग जोडावर दात्यांच्या नक्षीचाच तडा उमटतो, आणि बऱ्याचदा तो जुन्या भिंतीत शिरतो, कारण जुनी भिंत चुन्याची किंवा कमी सिमेंटची असते आणि आधी तीच हार मानते.

यावर दोनच मार्ग आहेत. दोन्ही बांधकामं इतकी घट्ट बांधायची की ती एकत्रच हलतील, किंवा प्रत्येकाला आपापलं हलू द्यायचं. विटांच्या जुन्या घराच्या बाबतीत पहिला मार्ग जवळपास बंद असतो, कारण घट्ट बांधायला तिथे धरण्यासारखं काही नसतं. म्हणून नव्या खोलीला स्वतःचे कॉलम, स्वतःची फुटिंग, स्वतःचा स्लॅब, आणि मध्ये पायापासून गच्चीपर्यंत फट.

मग डॉवेल बार कशाला? फट ठेवायची आणि पुन्हा सळईने जोडायचं, हे उलटसुलट नाही का?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

डॉवेल बार म्हणजे फटीच्या आरपार जाणारी आडवी सळई. तिचं एक टोक जुन्या काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेलं असतं आणि दुसरं टोक नव्या काँक्रीटमध्ये नळीत मोकळं सरकतं. त्यामुळे फट रुंद-अरुंद होऊ शकते, नव्या लादीला तापमानाने लांब-आखूड होता येतं. पण एक बाजू वर आणि दुसरी खाली असं होऊ शकत नाही, सळई ते अडवते. सिमेंटच्या रस्त्यात दोन लाद्यांच्या मध्ये हेच असतं. म्हणून चाक एका लादीवरून दुसरीवर जाताना ठेच लागत नाही.

याचाच अर्थ असा की जिथे वर-खाली हालचाल मोकळी सोडायची आहे, तिथे डॉवेल घालायचाच नाही. नव्या खोलीचा सांगाडा खचणार हे आपण गृहीत धरलं आहे. त्या सांगाड्याचा बीम डॉवेलने जुन्या घराला जोडला, तर अख्ख्या खोलीचं वजन त्या सळयांवर लटकायला बघेल. सळई तुटत नाही, तिच्याभोवतीचं काँक्रीट फुटतं, आणि तेही जुन्या पट्ट्याच्या कडेचं.

आपल्या घरात डॉवेलची जागा एकच: नव्या खोलीच्या जमिनीची लादी आणि जुन्या जोत्याचा पट्टा यांच्यामध्ये. दारातून ये-जा होते तिथे दोन जमिनींत ठेच तयार होऊ नये, एवढंच त्याचं काम. भिंती, बीम आणि स्लॅब यांना तो लागू करू नका.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ही जमिनीची लादी नव्या प्लिंथ बीमवर टेकता कामा नये. ती भरावावर बसते आणि बीमच्या आतल्या कडेला तिच्याभोवती १०-१२ मिमी थर्माकोलची पट्टी असते. नाहीतर सांगाडा खचला की तो लादीला खाली ओढेल, लादी डॉवेलला ओढेल, आणि आपण जे टाळायला निघालो तेच मागच्या दाराने आत येईल. लादी आणि नवी भिंत यांच्यातला मिलिमीटरभर फरक स्कर्टिंगखाली झाकला जातो, कुणाला दिसत नाही.

नवे कॉलम जुन्या भिंतीला अगदी चिकटून घेता येतील का?

नाही. जुना पाया भिंतीच्या बाहेर साधारण फूटभर आलेला असतो. त्याला चिकटून फुटिंग घ्यायचं तर एकतर जुन्या पायाचे दगड फोडावे लागतात, नाहीतर कॉलम फुटिंगच्या कडेला जातो आणि फुटिंग तिरकं दबतं. आपल्या घरात फुटिंग ४ बाय ४ फुटांचं धरलं, तर कॉलमचा मध्य जुन्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर घ्या. मग फुटिंगची कड भिंतीपासून दीड फुटावर येते आणि जुन्या पायाला अर्धा फूट सोडून राहते. कॉलमपासून भिंतीपर्यंतचे उरलेले साडेतीन फूट प्लिंथ बीम आणि स्लॅबचे बीम दोन्ही झुलते घ्यायचे, म्हणजे कॅंटिलिव्हर. हे डिझाइन इंजिनीअरच करेल, पण 'कॉलम कोपऱ्यातच हवा' असा हट्ट तुम्ही धरू नका.

खड्ड्याचा तळ जुन्या पायाच्या तळापेक्षा खाली नेऊ नका. आपल्याकडे दोन्ही पाच फुटांवर, म्हणजे बरोबर. नवा पाया खोल न्यावाच लागला तर जुन्या पायाखालची माती खड्ड्यात सरकण्याची भीती असते. अशा वेळी खड्डे एकदम सगळे न खणता एकेक करून खणायचे, भरायचे, मग पुढचा. आणि पावसाळ्यात तर नाहीच.

जमिनीखालची काळी माती काढावी लागते का?

लादी मोठी आणि हलकी असते, त्यामुळे काळी माती पावसाळ्यात फुगली की ती सहज उचलली जाते. फुगणाऱ्या मातीवर लादी, आणि लादीला डॉवेल, हे एकत्र चालत नाही. १२ बाय १५ फूट आणि चार फूट खोल म्हणजे ७२० घनफूट, साधारण सव्वासात ब्रास माती काढावी लागेल. काम खर्चाचं आहे, पण डॉवेल चालावेत असं वाटत असेल तर ते करावं लागतं. जुन्या भिंतीच्या लगतची माती एका दिवसात सगळी उघडी करू नका. तीन-चार फुटांचे टप्पे करा आणि भरत चला.

भरावाला मुरूम, सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर. ट्रॅक्टरने एकदम टाकून वर पाणी सोडलेला मुरूम 'बसला' असं म्हणतात, पण तो वरच्या फूटभरातच बसतो. जुन्या जोत्यालगतच्या पट्ट्यात मशीन नीट फिरत नाही, तिथे हाताचा धुम्मस चालवा. नेमकी हीच जागा डॉवेलखाली येते.

फट किती रुंद ठेवायची? मिस्त्री म्हणतो अर्धा इंच खूप झाला.

तापमानाचा हिशोब केला तर मिस्त्री बरोबर वाटेल. काँक्रीट दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण ०.०१ मिमी लांबतं. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, तापमानात ३० अंशांचा फरक धरला तर १.४ मिमी. काँक्रीट सुकताना आक्रसतं त्याचे आणखी साधारण तेवढेच. एकूण तीन मिलिमीटर, त्याला अर्धा इंच भरपूर आहे.

पण भूकंपात दोन बांधकामं वेगवेगळ्या तालात डोलतात आणि फट अपुरी असेल तर एकमेकांवर आपटतात. त्यासाठी आयएस ४३२६ किमान २५ मिमी फट सांगतं आणि मजले वाढले की ती वाढत जाते. म्हणून एका मजल्याला २५ मिमी. पुढे वरचा मजला घ्यायचा विचार असेल तर आजच इंजिनीअरला सांगा, कारण फट नंतर रुंद करता येत नाही.

फटीसाठी जुनी भिंत छिलू नका, नवं बांधकाम मागे घ्या.

डॉवेलला टीएमटी सळई चालेल का? साइटवर तीच पडलेली असते.

सरकणाऱ्या डॉवेलला नाही. टीएमटीच्या अंगावर फासळ्या असतात आणि त्या काँक्रीट धरून ठेवण्यासाठीच असतात. आपल्याला अर्ध्या भागात नेमकं उलट हवं आहे. साधी गुळगुळीत सळई घ्या, हार्डवेअरवाल्याकडे प्लेन बार म्हणून मागा. टोकं ग्राइंडरने सरळ कापा. कातरीने दाबून कापलेल्या टोकाला चपटी कड येते आणि ती नळीत अडते.

आपल्या लादीसाठी १२ मिमीची प्लेन सळई, लांबी ४०० मिमी. त्यातले १२० मिमी जुन्या पट्ट्यात, २५ मिमी फटीत, २५५ मिमी नव्या लादीत. लादी १२५ मिमी जाड. भिंतीची लांबी १२ फूट म्हणजे ३,६६० मिमी, ३०० मिमी अंतराने बारा सळया बसतात.

लादीतल्या भागावर प्लास्टिकची नळी चढवायची, पुढचं टोक टोपीने बंद, आणि सळईच्या टोकापुढे ३० मिमी रिकामी जागा सोडायची. नळी २८५ मिमीची झाली. ही रिकामी जागा लोक विसरतात. फट उन्हाळ्यात दबते तेव्हा सळईला नळीत आत जायला वाव हवा, नाहीतर ती लादीला खिळ्यासारखी टोचते. नळी मिळाली नाही तर त्या भागाला ग्रीस लावून कागद गुंडाळतात, पण मला ते पटत नाही. काँक्रीट ओतताना कागद फाटतो आणि नंतर कोणाला कळतही नाही.

बाराही सळया एकमेकींना समांतर आणि पातळीत हव्यात. एक जरी तिरकी बसली तरी ती सरकत नाही, आणि मग बाकीच्या अकरांचा उपयोग राहत नाही. भोकं पाडतानाच ड्रिलला लेव्हल बॉटल बांधा.

केमिकल अँकरची कृती नेमकी काय? साइटवर तर भोक पाडून केमिकल भरतात आणि सळई ठोकतात.

ठोकायची नसते, फिरवत घालायची असते. पण त्याआधी बरंच काही आहे.

१२ मिमी सळईला साधारण १६ मिमीचं भोक, खोली १२० मिमी, म्हणजे सळईच्या जाडीच्या दहापट. हॅमर ड्रिलच्या बिटला १२० वर टेप गुंडाळून खूण करा. जुना पट्टा १५० मिमी जाड आहे, भोक त्याच्या बरोबर मध्यावर, वर-खाली ७५-७५ मिमी राहतील असं. पट्ट्याची रुंदी २३० मिमी असल्याने १२० मिमी आत गेल्यावरही मागे पुरेसं काँक्रीट उरतं.

मग धूळ काढणं. पहिल्यांदा तळापासून हवा मारायची, मग तारेचा गोल ब्रश तळापर्यंत फिरवायचा, पुन्हा हवा. किती वेळा ते केमिकलच्या पॅकवर लिहिलेलं असतं, आणि तेवढ्या वेळा करायचंच. काँक्रीटची पीठासारखी धूळ भोकाच्या भिंतीला चिकटून राहते. केमिकल त्या धुळीला घट्ट धरतं आणि धूळ काँक्रीटला धरत नाही. वरून सगळं ठीक दिसतं. फुंकर मारून भोक साफ होत नाही, उलट आत ओलावा जातो.

केमिकल दोन भागांचं असतं आणि नॉझलमध्ये मिसळतं. नवी ट्यूब लावल्यावर पहिले काही दाब बाहेर टाकून द्या, रंग एकसारखा येईपर्यंत. त्यातला पांढरा-काळा पट्टा दिसत असेल तर ते मिसळलेलं नाही आणि कधीच घट्ट होणार नाही. नॉझल तळाला टेकवून भरत बाहेर या, भोक दोन तृतीयांश भरेल इतकं. मग सळई हळू फिरवत तळापर्यंत. तोंडाशी थोडं केमिकल बाहेर आलं म्हणजे आत पोकळी नाही. आलंच नाही तर सळई बाहेर काढा आणि आणखी भरा.

हिशोब: एका भोकाला साधारण १६ मिलिलिटर, बारा भोकांना १९० ते २००. वाया जाणारं धरून साधारण ३५०-४०० मिलिलिटरची एक ट्यूब पुरते. ठेकेदाराने अर्धी ट्यूब बारा भोकांत संपवली असं सांगितलं तर ते खरं असू शकतं. पाव ट्यूबेत संपवलं असेल, तर भोकं अर्धीच भरली आहेत.

हातात किती मिनिटं आहेत ते तापमानावर ठरतं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या भिंतीत केमिकल पाहता पाहता आवळतं आणि सळई अर्ध्यात अडकते. सकाळी काम करा, आणि ट्यूब उन्हात ठेवू नका. पॅकवरच्या तक्त्यात दोन वेळा असतात: हाताळण्याची आणि पक्कं होण्याची. दुसरी पूर्ण होईपर्यंत सळईला हात लावायचा नाही. ट्यूबची मुदतही बघा. स्वस्तात मिळालेला माल बऱ्याचदा मुदत संपत आलेला असतो.

भोक पाडताना जुनी सळई लागली तर?

थांबा आणि भोक बाजूला घ्या. ती कापून पुढे जायचं नाही. आधीचं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने बुजवा. एखादा डॉवेल ३०० ऐवजी ३५० मिमीवर गेला तर काही बिघडत नाही. जुन्या पट्ट्याच्या सळया कुठे आहेत ते शोधायला स्कॅनर भाड्याने मिळतो. तो नसेल तर आधी ६ मिमीच्या बिटने चाचपून बघा.

आमच्या घराला पट्टाच नाही. विटांत किंवा दगडी जोत्यात केमिकल अँकर चालेल?

पट्ट्याशिवाय डॉवेल घालू नका. मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या जुन्या विटेत सळई चिकटते, पण वीट स्वतःच सांध्यातून निसटते. दगडी जोत्यात आत पोकळ्या असतात. केमिकल आत वाहून जातं, भोक भरल्यासारखं वाटत नाही, आणि कारागीर ट्यूबवर ट्यूब रिकामी करतो. पोकळ ब्लॉकमध्ये जाळीची नळी घालून अँकर करतात, पण तो हलक्या वजनांसाठी, रेलिंग किंवा गीझरसाठी.

मग दारात काय? दोन लाद्या मोकळ्या ठेवा आणि उंबऱ्याला एका बाजूला धरलेली ग्रॅनाइटची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी द्या. फरक पडला तर पट्टी बदलायची, अर्ध्या दिवसाचं काम. थोडं गावठी आहे, पण टिकतं.

पोर्चचा स्लॅब किंवा नव्या खोलीचा बीम जुन्या कॉलमला केमिकलने जोडून कॉलम वाचवता येईल का?

हा प्रश्न आरसीसी सांगाड्याच्या घरांतून येतो, आणि ठेकेदार त्याला 'रिबारिंग' म्हणतो. भोकं पाडली, सळया चिकटवल्या, की बीम जुन्याच कॉलममधून निघाल्यासारखा होतो, असं समजलं जातं. तसं होत नाही. एम२० काँक्रीटमध्ये ५०० ग्रेडच्या टीएमटीला पूर्ण ताकद घ्यायला आयएस ४५६ च्या सूत्राने जाडीच्या साधारण ५७ पट लांबी लागते. १२ मिमीला ती ६८० मिमी होते. जुना कॉलम २३० मिमी. चांगलं केमिकल काँक्रीटपेक्षा घट्ट धरतं हे खरं, त्यामुळे आवश्यक लांबी कमी होते, पण १५०-१८० मिमीमध्ये बीमचा पूर्ण ताण जुन्या कॉलमच्या कडेत उतरवणं हे वेगळं गणित आहे. ते लिहून देणारा इंजिनीअर असेल तरच करा.

झुलता स्लॅब आणि लटकतं वजन हे त्याहून वाईट, कारण तिथे ताण एक मिनिटही थांबत नाही. इपॉक्सीसारखी रसायनं सततच्या ओढीखाली वर्षानुवर्षं हळूहळू लांबत जातात. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एका बोगद्याच्या छतातले काँक्रीटचे पॅनल असेच कोसळले आणि मोटारीतली एक बाई मरण पावली. तपासात निघालं की छताचे अँकर ज्या इपॉक्सीत बसवले होते ते सततच्या भाराला हळूहळू सैल होत गेलं होतं. आजची केमिकल्स त्यानंतरच्या चाचण्यांतून जातात, तरी घरात छताला किंवा झुलत्या स्लॅबला फक्त केमिकलच्या भरवशावर सोडू नये, असं माझं मत आहे. आगीत तर ते खूप लवकर मऊ पडतं.

डॉवेलला हे लागू नाही. त्याच्यावर ओढ नसते, फक्त सळईला काटकोनात, वर-खाली येणारा भार असतो.

फटीत काय भरायचं? वाळू-सिमेंट तर नक्कीच नाही ना?

वाळू-सिमेंट, विटांचे तुकडे, गिलाव्याचे गोळे, यांतलं काहीही नाही. प्रत्यक्षात मात्र फटी त्यानेच भरलेल्या सापडतात. कोणी मुद्दाम भरत नाही. नवी भिंत चढवताना मसाला आपोआप फटीत पडत जातो. म्हणून भिंत सुरू होण्याआधी २५ मिमी जाडीचे थर्माकोल किंवा फोमचे बोर्ड जुन्या भिंतीला टेकवून पूर्ण उंचीत लावा आणि नवी भिंत त्यांच्यामागे चढवा. काम संपल्यावर वरून लांब सळई खुपसून बघा. खणकन आवाज आला तर आत दगड आहे.

बाहेरच्या तोंडाशी बोर्ड २५-३० मिमी कोरून काढा, तिथे फटीपेक्षा किंचित जाड बॅकर रॉड, म्हणजे फोमचा गोल दोर, दाबून बसवा, आणि त्यावर पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन सीलंट. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे साधारण १२ मिमी. खूप जाड भरलं तर ते ताणलं जात नाही, कडेपासून सुटतं. सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटायला हवं, मागे नाही, आणि बॅकर रॉड मागे ठेवण्याचं एक कारण तेच आहे. कडा कोरड्या, धूळमुक्त, प्राइमर लावलेल्या. ±२५ टक्के क्षमतेचं सीलंट २५ मिमी फटीत सहा मिमीपर्यंत हालचाल सोसतं, आपली अपेक्षित हालचाल तीन मिमी आहे.

गच्चीवर पाणी आत येणार नाही का?

घराच्या जोडणीतली खरी डोकेदुखी तीच आहे, आणि ती सीलंटने सुटत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबवर सहा ते आठ इंच उंच आरसीसी कठडे घ्या. कोबा आणि वॉटरप्रूफिंग दोन्हीकडे त्या कठड्यावर चढवून संपवा. मग वरून अॅल्युमिनियमचा किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा झाकणासारखा पत्रा, एकाच बाजूला स्क्रूने पक्का, दुसऱ्या बाजूला खाली वाकवलेला आणि मोकळा. दोन्ही बाजूंना स्क्रू मारला की पत्रा पहिल्या उन्हाळ्यात फाटतो किंवा स्क्रू उपसतो. पॅरापिटची भिंतही फटीपाशी कापलेली हवी.

पाण्याचा उतार फटीपासून दूर. दोन्ही गच्च्यांचं पाणी एकाच पन्हाळीत आणायचा मोह टाळा, कारण पन्हाळी फट ओलांडते.

टाइल्स, गिलावा, रंग आणि पाइप यांचं काय?

फट ज्या ज्या गोष्टीतून जाते तिथे ती कापलेली दिसली पाहिजे. टाइल्सचा जोड नेमका फटीवर आणा, मधोमध टाइल येऊ देऊ नका. गिलाव्यात कापलेली सरळ रेघ ठेवा आणि तिच्यावर एकाच बाजूला धरलेली अॅल्युमिनियमची पट्टी. रंगारी पुट्टी भरून ती रेघ नाहीशी करेल आणि तुम्हाला छान दिसेल. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत.

पाण्याचे पाइप शक्यतो फट ओलांडू नयेत, नवीन खोलीला वेगळी लाइन घ्या. वायरिंगची नळी ओलांडायचीच असेल तर मध्ये लवचीक नळीचा सैल वळसा. दारासाठी जुन्या भिंतीत नवीन भगदाड पाडण्याऐवजी तिथे खिडकी असेल तर तिची खालची वीट काढून दार करा. लिंटेल आधीच आहे.

सीलंट आणि टाइल्स कधी लावायच्या?

जितक्या उशिरा लावाल तितकं बरं. स्लॅब, भिंती, गच्चीचा कोबा, पाण्याची टाकी, हे सगळं वजन चढल्यानंतर. फटीलगतच्या लादीच्या टाइल्स आणि सीलंट शेवटी, आणि वेळ असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. मुरमावरचा पाया बराचसा भार येतानाच बसतो, काळ्या मातीतली हालचाल मात्र पाऊस बघून होते.

जोडापाशी तडा आला. घाबरायचं का?

कुठे आणि कसा, त्यावर ठरतं. फटीच्या रेषेवरच सरळ उभा, वर-खाली सारख्या रुंदीचा तडा हा बहुधा गिलाव्याचाच असतो, कारण कोणीतरी फट बुजवली आहे. रेघ कापून मोकळी करा आणि सीलंट भरा. वर रुंद आणि खाली बारीक होत जाणारा तडा असेल तर नवी खोली बाहेर कलते आहे. जुन्या भिंतीच्या कोपऱ्यातून विटांच्या पायऱ्यांवरून तिरका चढणारा तडा असेल तर जुना पायाही हलला आहे, बहुतेक खोदकामामुळे किंवा फटीलगत पाणी मुरल्यामुळे.

मोजायला साधी काचपट्टी तड्यावर आडवी चिकटवा, इपॉक्सीने, आणि शेजारी तारीख लिहा. काच फुटली तर हालचाल सुरू आहे. शिवाय तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीच्या खुणा करून मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये अंतर मोजा. पावसाळ्यात बंद आणि उन्हाळ्यात उघडा होत असेल तर माती बोलते आहे, आणि उपाय पाण्याचा निचरा व भिंतीभोवतीच्या फरशीत शोधा. दोन्ही वेळा वाढतच असेल तर पाया तपासायला हवा.

दारातल्या लादीत फटीला समांतर, फूट-दीड फुटावर तडा दिसला, तर डॉवेलने लादी धरून ठेवली आहे आणि खालचा भराव बसला आहे. लादीवर ठोकून पोकळ आवाज येतो का बघा. अशा ठिकाणी लादीत भोकं पाडून पातळ सिमेंट ग्राउट सोडतात. डॉवेलला तोपर्यंत काही झालेलं नसतं. डॉवेलच्या टोकाशी जुन्या पट्ट्याची कपची निघालेली दिसली, तर मात्र लादी नव्या बीमवर टेकलेली असण्याची शक्यता आधी तपासा. स्कर्टिंग काढून थर्माकोलची पट्टी शोधा. पट्टीच्या जागी मसाला भरलेला असेल तर तो ग्राइंडरने कापून लादी मोकळी करा आणि मगच कपची दुरुस्त करा.